अख्खं जहाज भाड्याने घेताना: चार्टरपार्टी, बिल ऑफ लेडिंग, लेटाइम आणि डेमरेज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणच्या आणि मुंबईच्या बंदरांत कोळसा, चुनखडी, खत, धान्य असा सुटा माल आणणाऱ्या मंडळींचे लेटाइमचे हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. त्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना व्हॉयेज चार्टर, म्हणजे एका फेरीपुरतं घेतलेलं जहाज, डोळ्यांसमोर ठेवलं आहे. छापील नमुना जेन्कॉन १९९४ धरला आहे आणि कायदा इंग्लंडचा, कारण सुट्या मालाच्या बहुतेक चार्टरपार्ट्यांत तोच लिहिलेला असतो. तुमच्या करारातले रायडर क्लॉज, म्हणजे नमुन्याला वेगळी जोडलेली कलमं, छापील मजकुरापेक्षा वरचढ असतात, तेव्हा उत्तर लावून पाहण्याआधी ते वाचून घ्या.

१. अख्खं जहाज घेतलं तर आमचा करार नेमका कोणता? चार्टरपार्टी की बिल ऑफ लेडिंग?

चार्टरपार्टी. जहाज कोणतं, कुठून कुठे जाणार, भाडं किती, माल भरायला आणि उतरवायला किती वेळ, उशीर झाला तर दिवसाला किती पैसे, हे सगळं तुम्ही आणि जहाजमालकाने त्यात ठरवलेलं असतं. बिल ऑफ लेडिंग त्यानंतर येतं. माल जहाजात चढला की कप्तान किंवा त्याच्या वतीने एजंट ते सही करून देतो.

कंटेनरने माल पाठवणाऱ्यांची सवय वेगळी असते. तिथे बिल ऑफ लेडिंगच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या अटींवरच सगळा व्यवहार चालतो, म्हणून पहिल्यांदा पूर्ण जहाज घेणारा माणूस तोच कागद घेऊन वाद घालायला येतो. चार्टररच्या, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या, हातात असेपर्यंत बिल ऑफ लेडिंग ही मुळात मालाची पावती असते. इंग्लिश न्यायालयांनी हे १८८६ च्या रोडोकॅनाकी विरुद्ध मिलबर्न या खटल्यातच स्पष्ट केलं आहे.

२. नुसती पावतीच असेल तर बिल ऑफ लेडिंग लागतं कशाला?

कारण माल समुद्रात असतानाच विकला जातो. चार्टरपार्टी दोघांपुरती असते, ती कुणाला विकता येत नाही. बिल ऑफ लेडिंगच्या पाठीवर सही करून ते दुसऱ्याला देता येतं, आणि ज्याच्या हाती मूळ प्रत तोच बंदरात मालावर हक्क सांगतो. बँक लेटर ऑफ क्रेडिटवर पैसे सोडते तीही याच कागदावर.

चार्टरपार्टीखाली निघणारं बिल बहुधा काँजेनबिल या नमुन्यावर असतं. ते एकपानी, आखूड असतं. त्यावर अमुक तारखेच्या चार्टरपार्टीच्या सर्व अटी, कायदा आणि लवादाच्या कलमासह, या बिलात सामावल्या आहेत असं लिहिलेलं असतं. तारखेची जागा पुष्कळदा कोरी राहते. ती भरून घ्या. जहाजमालक आणि चार्टरर यांच्यामध्ये आणखी एखादा पोटचार्टरर असेल, तर कोणती चार्टरपार्टी धरायची इथूनच भांडण सुरू होतं.

३. दोन्ही कागदांत वेगवेगळं लिहिलं असेल तर कोणतं खरं धरायचं?

बिल ऑफ लेडिंग कुणाच्या हातात आहे ते आधी पाहा. ते चार्टररच्याच हातात असेल तर चार्टरपार्टी खरी. भारत सरकारचा एक खटला इथे नेमका लागू पडतो. सरकारने इटलीतल्या विक्रेत्याकडून खत घेतलं आणि ते मद्रासला आणायला ड्युनेल्मिया नावाचं जहाज स्वतः चार्टर केलं. बिल ऑफ लेडिंग निघालं विक्रेत्याच्या नावे आणि पाठीवर सही होऊन सरकारकडे आलं. माल कमी निघाल्यावर प्रश्न उभा राहिला की वाद चार्टरपार्टीप्रमाणे लवादाकडे जाणार की नाही. बिल दुसऱ्याकडून आलं म्हणून आता तोच करार, असं जहाजमालकाचं म्हणणं होतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९६९ मध्ये ते मान्य केलं नाही. मालक आणि चार्टरर यांच्यातला करार चार्टरपार्टीचाच राहिला.

बिल तिसऱ्या माणसाच्या हातात गेलं की चित्र बदलतं. त्याने चार्टरपार्टी पाहिलेलीही नसते, म्हणून त्याच्यापुरतं बिल हाच करार. वाहकाची जबाबदारी ठरवणारे हेग किंवा हेग-व्हिस्बी नियम चार्टरपार्टीला आपोआप लागू होत नाहीत, पण चार्टरपार्टीखाली निघालेलं बिल तिसऱ्याच्या हाती गेल्या क्षणापासून त्या बिलाला लागतात. भारतात या विषयावरचे १८५६ आणि १९२५ चे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवे केले आहेत, मात्र इथली मूळ चौकट तीच आहे.

अशा धारकाकडे डेमरेज, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त जहाज अडकल्याबद्दलचे रोजचे पैसे, मागता येतं का, ते प्रश्न १० मध्ये.

४. लेटाइम म्हणजे किती वेळ? तो कोण ठरवतं?

माल भरायला आणि उतरवायला चार्टररला जो वेळ भाड्यातच दिलेला असतो तो लेटाइम. तो दोन तऱ्हांनी लिहितात. एक, सरळ इतके दिवस. दुसरी, दिवसाला इतके टन, आणि मग मालाच्या वजनाला त्या आकड्याने भागून दिवस काढायचे. ४५,००० टन कोळसा आणि दर दिवसाला ९,००० टन असेल तर लेटाइम ५ दिवस, म्हणजे १२० तास.

आकड्याच्या पुढची अक्षरं आकड्याइतकीच महत्त्वाची. शिंक म्हणजे रविवार आणि सुट्ट्या धरून. शेक्स म्हणजे त्या वगळून. शेक्सच्या पुढे 'अनलेस यूज्ड' असेल, तर सुट्टीच्या दिवशी काम केलं तर तेवढा वेळ मोजला जातो, आणि 'ईव्हन इफ यूज्ड' असेल तर काम करूनही मोजला जात नाही. 'वेदर वर्किंग डे' असेल तर हवामानामुळे काम थांबलं तो वेळ वजा. जहाज अजून नांगरावर असताना पाऊस पडला आणि काम चालू असतं तर ते थांबलंच असतं, तर तोही वजा, हे पुष्कळांना माहीत नसतं.

५. घड्याळ सुरू कधी होतं?

माझ्या टेबलावर आलेल्या वादांत सगळ्यात जास्त पैसे या एका प्रश्नावर फिरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जहाज ठरलेल्या ठिकाणी पोहोचलेलं हवं, ते कामाला सर्वार्थाने तयार हवं, आणि कप्तानाने तशी नोटीस ऑफ रेडिनेस, म्हणजे एनओआर, दिलेली हवी. जेन्कॉन १९९४ मध्ये दुपारी १२ पर्यंत एनओआर आली तर लेटाइम त्याच दिवशी १ वाजता सुरू होतो. १२ नंतर कचेरीच्या वेळात आली तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ला.

'पोहोचलं' म्हणजे कुठे? चार्टर बंदराचं, म्हणजे ठिकाण म्हणून नुसतं बंदर लिहिलेलं, असेल तर बंदराच्या हद्दीत, नेहमीच्या थांबण्याच्या जागी, चार्टररच्या हुकमाची वाट पाहत उभं असलं तरी पुरे. हे १९७३ मध्ये योहाना ओल्डेनडॉर्फ या जहाजाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं. ते जहाज लिव्हरपूलच्या गोदीपासून १७ मैलांवर मर्सी बारला नांगरून होतं, तरी ती जागा बंदराच्या हद्दीत असल्यामुळे 'पोहोचलेलं' ठरलं. चार वर्षांनी याच न्यायालयासमोर मराठा एन्व्हॉय नावाचं जहाज आलं. ते जर्मनीतल्या वेझर नदीवरच्या बंदरांसाठी नदीबाहेर लाइटशिपजवळ थांबलं होतं. सगळी जहाजं तिथेच थांबत, पण ती जागा बंदराच्या हद्दीबाहेर होती. घड्याळ सुरू व्हावं म्हणून जहाज नदीत वर जाऊन, तिथे एनओआर देऊन, पुन्हा बाहेर परतलं. न्यायालय म्हणालं, थांबण्याची जागा नेहमीची असली तरी हद्दीबाहेर असेल तर जहाज पोहोचलेलं नाही, आणि नुसती फेरी मारून आल्याने ते पोहोचत नाही.

चार्टर बर्थचं असेल तर मूळ नियमाने जहाज धक्क्याला लागल्यावरच एनओआर देता येते. त्यातून सुटका म्हणून 'बर्थ मिळो न मिळो' असा शब्दप्रयोग घालतात, ज्याला व्यवहारात विबॉन म्हणतात. जेन्कॉनच्या छापील कलमातही तशीच सोय आहे. पण ही सोय बर्थ रिकामा नसेल तेव्हाची आहे. बर्थ मोकळा आहे आणि धुक्यामुळे जहाज आत येऊ शकत नाही, तर विबॉन उपयोगी पडत नाही. १९८९ च्या किझिकोस खटल्यात नेमकं हेच झालं.

'तयार' हाही साधा शब्द नाही. वार्ना बंदरात मका भरायला गेलेल्या त्रेस फ्लोरेसने एनओआर दिली, नंतर तपासणीत होल्डमध्ये किडे सापडले. धुरी द्यायला काही तासच लागले, पण नोटीस दिली त्या क्षणी जहाज तयार नव्हतं म्हणून ती नोटीसच रद्द ठरली.

६. एनओआर चुकीच्या वेळी दिली गेली आणि पुन्हा दिलीच नाही, तर घड्याळ कधीच सुरू होत नाही का?

या प्रश्नाचं उत्तर कोचीनने दिलं आहे. हॅपी डे नावाचं जहाज ओडेसाहून गहू घेऊन २५ सप्टेंबर १९९८ रोजी कोचीनबाहेर पोहोचलं. भरती चुकल्यामुळे त्या दिवशी आत येता आलं नाही. कप्तानाने तरी एनओआर देऊन टाकली. चार्टर बर्थचं होतं आणि बर्थची गर्दी नव्हती, त्यामुळे ती नोटीस अवेळी होती. दुसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं, गहू उतरू लागला, नवी नोटीस कुणी दिली नाही आणि मागितलीही नाही. उतरवणं संपलं २५ डिसेंबरला, म्हणजे तीन महिन्यांनी.

चार्टररचं म्हणणं, वैध एनओआर नाही म्हणजे लेटाइम सुरूच झाला नाही, म्हणजे डेमरेज शून्य, उलट वेळ वाचला म्हणून आम्हालाच डिस्पॅच द्या. खालच्या न्यायालयाने ते उचलून धरलं. अपील न्यायालयाने २००२ मध्ये ते फिरवलं. जहाज आलेलं आणि तयार आहे हे चार्टररला ठाऊक आहे, नोटीस त्याच्या हातात पोहोचलेली आहे, आणि काही हरकत न नोंदवता तो माल उतरवू लागतो, तेव्हा उतरवणं सुरू झाल्यापासून घड्याळ सुरू झालं असं धरायचं.

तरी मालकांनी यावर विसंबू नये. त्याआधी १९९० मध्ये मेक्सिको वन या जहाजाच्या खटल्यात ठरलं आहे की अवैध नोटीस जहाज नंतर तयार झाल्यावर आपोआप वैध होत नाही. चार्टररने 'नोटीस नाकारली' एवढं एका ओळीत कळवलं असतं तरी हॅपी डेचा निकाल उलटा जाऊ शकला असता. म्हणून कप्तान आता हद्दीत आल्यावर एक, बर्थला लागल्यावर दुसरी, अशा नोटिसा 'आधीच्या नोटिशीला बाधा न येता' असं लिहून देत राहतात. चार्टररच्या एजंटने प्रत्येक नोटिशीवर 'फक्त मिळाल्याची पोच' असं लिहून वेळ घालावी. 'ॲक्सेप्टेड' हा शिक्का सवयीने मारू नये.

७. एक हिशेब करून दाखवाल का?

प्रश्न ४ मधलंच जहाज घेऊ. ४५,००० टन कोळसा, दिवसाला ९,००० टन, वेदर वर्किंग डे, शिंक. लेटाइम १२० तास. डेमरेज दिवसाला १५,००० डॉलर. बंदर कोकणातलं, महिना जूनचा. आकडे उदाहरणासाठी आहेत.

जहाज सोमवारी सकाळी बंदराच्या हद्दीत नांगरलं, बर्थवर दुसरं जहाज होतं, १० वाजता एनओआर दिली. लेटाइम सोमवारी १३:०० ला सुरू. बुधवारी ०७:०० ला नांगर उचलला, १०:०० ला जहाज बांधून झालं. नांगरावरून धक्क्यापर्यंतचा हा वेळ जेन्कॉनप्रमाणे मोजायचा नाही, म्हणून ३ तास वजा. गुरुवारी ०२:०० ते ०८:०० पाऊस, हॅच बंद, ६ तास वजा. सोमवार १३:०० मध्ये १२० अधिक ९ असे १२९ तास मिळवा. लेटाइम संपला शनिवारी २२:०० ला.

तिथून डेमरेज. रविवारी ०४:०० ते १४:०० पुन्हा पाऊस झाला, पण तो वजा होत नाही (का, ते पुढच्या प्रश्नात). काम संपलं मंगळवारी १०:०० ला. शनिवार २२:०० ते मंगळवार १०:०० म्हणजे ६० तास, अडीच दिवस. डेमरेज ३७,५०० डॉलर.

आता समजा चार्टर बर्थचं होतं, छापील सोय रायडरने काढून टाकली होती, आणि घड्याळ बुधवारी १०:०० ला जहाज बांधल्यावर सुरू झालं. मग रविवारचा पाऊस लेटाइमच्या आतच पडतो आणि वजा होतो. १२० अधिक ६ अधिक १० असे १३६ तास, म्हणजे लेटाइम संपतो मंगळवारी ०२:०० ला. डेमरेज ८ तासांचं, ५,००० डॉलर. तोच कोळसा, तोच पाऊस, तेच मजूर. ३२,५०० डॉलरचा फरक पडला तो पहिल्या ओळीमुळे. म्हणून मी कुणाचंही लेटाइम स्टेटमेंट हातात आलं की बेरीज शेवटी पाहतो. आधी घड्याळ सुरू कधी केलं ते पाहतो.

८. डेमरेज चालू असताना पाऊस पडला तर तो वेळ का वजा होत नाही?

कारण चार्टररला दिलेला वेळ संपलेला आहे. त्याने वेळेत काम संपवलं असतं तर हा पाऊस येण्याआधी जहाज निघून गेलं असतं. 'वन्स ऑन डेमरेज, ऑलवेज ऑन डेमरेज' असं याला म्हणतात. सुट्टी, पाऊस, संप यांच्या सवलती लेटाइमसाठी असतात. त्या डेमरेजलाही लावायच्या असतील तर करारात तसं निःसंदिग्ध शब्दांत लिहावं लागतं, मोघम अपवाद पुरत नाही.

उशीर जहाजमालकाच्या दोषाने झाला, उदाहरणार्थ जहाजाची क्रेन बंद पडली, तर तेवढा वेळ मात्र डेमरेजमधूनही वगळतात. चार क्रेनपैकी एकच बंद असेल तर साधारण त्या प्रमाणात.

९. काम लवकर संपलं तर पैसे परत मिळतात का?

डिस्पॅच ठरलेला असेल तरच. तो बहुधा डेमरेजच्या निम्म्या दराने असतो. वाचलेला सगळा वेळ धरायचा की फक्त वाचलेला लेटाइम, हे करारात लिहिलेलं हवं. मधे सुट्ट्या आल्या की दोन्हींत बराच फरक पडतो.

१०. आम्ही जहाज घेतलेलं नाही, फक्त बिल ऑफ लेडिंगवर माल घेतो. तरी जहाजमालक आमच्याकडे डेमरेज मागतोय. द्यावं लागेल का?

बिलात चार्टरपार्टीच्या अटी सामावल्या आहेत, म्हणून तुम्ही बांधील, असं मालकाचं म्हणणं असतं. १९८४ मध्ये मिरामार या जहाजाच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळलं. चार्टरपार्टीत 'डेमरेज चार्टरर देईल' असं लिहिलं असेल, तर ते कलम बिलात आलं तरी तिथेही 'चार्टरर'च राहतं. त्या जागी 'माल घेणारा' असं वाचायचं नाही. ज्या माणसाने चार्टरपार्टी पाहिली नाही, त्याने दुसऱ्याच्या उशिराचा किती होईल माहीत नसलेला भार उचलला असं धरणं व्यापाराला धरून नाही.

एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. व्यक्ती म्हणून तुम्ही देणेकरी नसलात तरी माल अडवला जाऊ शकतो. जेन्कॉनच्या कलम ८ ने मालकाला भाडं, डेडफ्रेट, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी माल भरल्याबद्दलची रक्कम, आणि डेमरेजसाठी मालावर धारणाधिकार, म्हणजे लिएन, दिलेला आहे आणि तो बिलात सामावला की तुमच्या मालावरही लागतो. प्रत्यक्षात होतं असं की कप्तान हॅच उघडायला नकार देतो, तुमच्या कारखान्यात कोळसा संपत आलेला असतो आणि तुम्ही पैसे भरता. भरायचेच असतील तर 'हक्क राखून, निषेधासह' असं लेखी कळवून भरा, किंवा बँक हमी देऊन माल सोडवा आणि वाद नंतर लढा.

११. विक्रेत्याशी झालेल्या खरेदी करारातही डेमरेज लिहिलंय. ते आणि चार्टरपार्टीतलं एकच का?

नाही. सीआयएफ किंवा सीएफआर व्यवहारात जहाज विक्रेता घेतो आणि उतरवण्याचा उशीर खरेदी करारातून तुमच्यावर टाकतो. त्या करारात स्वतःचा दर आणि स्वतःचं घड्याळ असेल, तर मालकाने विक्रेत्याकडे काहीच मागितलं नसलं तरी तुम्हाला द्यावं लागू शकतं. 'चार्टरपार्टीप्रमाणे' एवढंच लिहिलं असेल तर चार्टरपार्टीची प्रत मागून घ्या, आणि तीही सौदा करताना. मागच्या पावसाळ्यात एका आयातदाराचं बिल माझ्याकडे आलं. त्याच्या करारात 'चार्टरपार्टीप्रमाणे' होतं आणि चार्टरपार्टीत विबॉन. ती त्याने पहिल्यांदा पाहिली ती बिलासोबत.

१२. बंदर आमच्याकडून डेमरेज घेतं, कंटेनर लाइनही घेते. हे तेच का?

शब्द एक, गोष्टी तीन. बंदराचं डेमरेज म्हणजे माल फुकट मुदतीनंतर शेडमध्ये किंवा यार्डात पडून राहिल्याचं भाडं, ते बंदराच्या दरपत्रकाने ठरतं. कंटेनर लाइनचं डेमरेज आणि डिटेन्शन त्यांचा डबा अडकल्याबद्दल. या पानावरचं डेमरेज जहाज अडकल्याबद्दलचं आहे आणि ते चार्टरपार्टीतून येतं. एकाच मालावर बंदराचं आणि जहाजाचं अशी दोन्ही लागू शकतात, पण एकातली सवलत दुसऱ्याला लागत नाही.

१३. उशिरामुळे माल खराब झाला. मालक डेमरेज घेऊन वर आणखी नुकसानभरपाई मागू शकतो का?

इटर्नल ब्लिस नावाचं जहाज ब्राझीलहून सोयाबीन घेऊन चीनच्या लाँगकोऊ बंदरात गेलं. गर्दीमुळे ३१ दिवस नांगरावर थांबलं, तोवर सोयाबीनला बुरशी आली. मालकाने माल घेणाऱ्याला भरपाई दिली आणि ती चार्टररकडून वसूल करायला निघाला. २०२० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ते मान्य केलं, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळलं. लेटाइम ओलांडला एवढाच चार्टररचा भंग असेल, तर त्यातून होणाऱ्या सगळ्या नुकसानाची किंमत डेमरेजच्या दरातच धरलेली आहे. दुसरा वेगळा भंग दाखवता आला, तर मात्र वेगळं मागता येतं.

भारतीय कायदा लागू असेल तर कराराच्या कायद्याचं कलम ७४ येतं. ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. जहाजाचं रोजचं नुकसान बाजारातल्या भाड्यावरून सहज दाखवता येतं, त्यामुळे दर अवाजवी नसेल तर चार्टररला फारशी जागा राहत नाही.

१४. स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्सवर सही करताना काय पाहायचं?

वाद पुढे लवादाकडे गेला तर वर्षभराने कुणाला काही आठवत नाही, उरतो तो बंदरातल्या घटना वेळेनुसार नोंदलेला हाच कागद, म्हणजे एसओएफ. पावसाची नोंद पाहा. एका जहाजावर एसओएफमध्ये नुसतं 'रेन ०२:०० ते ०८:००' असं होतं. जहाजाच्या डेक लॉगमध्ये मात्र त्या सहा तासांत तीन नंबरची हॅच ०५:३० ला उघडल्याची आणि ग्रॅब चालू झाल्याची नोंद निघाली. पाऊस आला, काम थांबलं, कोणती हॅच कधी बंद झाली आणि कधी उघडली, असं वेगवेगळं लिहिलेलं हवं. पाऊस पडला म्हणून वेळ वजा होत नाही, पावसामुळे काम थांबलं म्हणून होतो.

दुसरं, एसओएफमध्ये घटना असाव्यात, निष्कर्ष नाहीत. 'लेटाइम सुरू' किंवा 'वेळ मोजायचा नाही' असं एजंटने लिहिलं असेल तर ते खोडायला सांगा. पटत नसलेली नोंद असेल तर तिच्यासमोर हरकत लिहून सही करा. सही नाकारून निघून गेलात तर तुमची बाजू कुठेच नोंदली जात नाही.

१५. डेमरेजचा दावा किती दिवसांत करायचा?

आधी करार पाहा. टँकरच्या चार्टरपार्ट्यांत उतरवणं संपल्यापासून ९० दिवसांत सर्व कागदांसह दावा पोहोचला नाही तर तो बुडाला, असं कलम सर्रास असतं, आणि कोरड्या मालाच्या रायडरमध्येही ते आता दिसतं. 'सर्व कागदांसह' हे न्यायालयं कडकपणे वाचतात. एनओआरची प्रत जोडायची राहिली म्हणून दावा गेल्याची उदाहरणं आहेत. असं कलम नसेल तर इंग्लिश कायद्याने कराराच्या दाव्याला ६ वर्षं आणि भारतीय कायद्याने ३ वर्षं.

हेग-व्हिस्बी नियमांतली एक वर्षाची मुदत यात मिसळू नका. ती माल कमी निघाला किंवा खराब झाला म्हणून वाहकावर करायच्या दाव्याची आहे. एकाच फेरीत मालक तुमच्याकडे डेमरेज मागतो आहे आणि तुम्ही त्याच्याकडे भिजलेल्या मालाची भरपाई, तर दोन मुदती वेगवेगळ्या चालतात. तडजोडीची पत्रं चालू आहेत म्हणून त्यांतली एकही थांबत नाही. मुदतवाढ हवी असेल तर ती मालकाकडून लेखी घ्यावी लागते, आणि मुदत संपायच्या आत.